तलवार, कुऱ्हाड की घण? फाशांच्या गणितातून शस्त्राची निवड

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांच्या, भूमिका वठवायच्या खेळात नवा योद्धा तयार करताना शस्त्रांच्या तक्त्यातील तीन ओळींपाशी खेळाडू हमखास थबकतो. दुहाती तलवार, म्हणजे ग्रेटसॉर्ड, 2d6 इतकी इजा करते. दुहाती कुऱ्हाड, म्हणजे ग्रेटॲक्स, 1d12 इतकी इजा करते. तिसरे शस्त्र मॉल, म्हणजे दोन्ही हातांनी पेलायचा घण. त्याची इजा तलवारीइतकीच, 2d6 आहे. 2d6 म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यांची बेरीज करायची आणि 1d12 म्हणजे बारा बाजूंचा एकच फासा टाकायचा. तलवारीची सरासरी ७ येते, कुऱ्हाडीची ६.५. अर्ध्या गुणाने तलवार सरस ठरते आणि बहुतेक चर्चा येथेच संपते. वास्तविक सरासरी हे या शस्त्रांचे सर्वांत कमी बोलके अंग आहे, कारण प्रत्येक वाराला दोन उंबरठे ओलांडावे लागतात. पहिला उंबरठा शत्रूच्या आर्मर क्लासचा, म्हणजे त्याला वार लागणे किती अवघड आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा, आणि दुसरा त्याच्याकडे उरलेल्या हिट पॉइंटचा, म्हणजे तो आणखी किती इजा सोसू शकतो त्या गुणांचा. फाशांचा स्वभाव या उंबरठ्यांपाशीच उघड होतो.

पुढील सर्व आकडे खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीतील आहेत. आपला योद्धा पहिल्या पातळीवर आहे आणि त्याचे बळ १६ आहे. बळामुळे त्याला ३ आणि शस्त्राच्या सरावामुळे २ गुण मिळतात, म्हणून वार करताना वीस बाजूंच्या फाशावर जो आकडा पडेल त्यात तो ५ मिळवतो. ही बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी किंवा त्याहून जास्त झाली की वार लागतो. आर्मर क्लास १३ असलेल्या ऑर्क नावाच्या शत्रूवर फाशाने ८ किंवा त्याहून मोठा आकडा दाखवायला हवा. वीसपैकी तेरा आकडे चालतात, म्हणजे वार लागण्याची शक्यता ६५ टक्के आहे. आर्मर क्लास एकाने वाढला की ही शक्यता बरोबर पाच टक्क्यांनी घटते. तलवार आणि कुऱ्हाड दोन्हींसाठी हे गणित सारखेच असल्यामुळे त्या दोघींमधील निवड पहिल्या उंबरठ्यावर ठरत नाही.

वार लागल्यावर मात्र वाटा वेगळ्या होतात. बारा बाजूंच्या फाशावर १ पासून १२ पर्यंतचा प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने पडतो. दोन फाशांच्या बेरजेचे तसे नाही. एकूण छत्तीस जोड्यांपैकी सहा जोड्यांची बेरीज ७ होते, तर १२ येण्यासाठी दोन्ही फाशांवर ६ पडण्याचा एकच मार्ग असतो. म्हणून तलवारीचे आकडे मधोमध गोळा होतात आणि कुऱ्हाडीचे दोन्ही टोकांपर्यंत सारखे पसरलेले राहतात. बळाचे ३ गुण दोन्हीकडच्या इजेत मिळवायचे आहेत.

आता समोर गॉब्लिन उभा आहे असे समजू. त्याचे हिट पॉइंट ७ असतात, म्हणून फाशांवर ४ किंवा अधिक पडले की तो एकाच फटक्यात कोसळतो. तलवारीच्या छत्तीसपैकी तेहतीस जोड्या त्यासाठी पुरतात, म्हणजे सुमारे ९२ टक्के. कुऱ्हाडीला बारापैकी नऊ आकडे चालतात, म्हणजे ७५ टक्के. सरासरीत अर्ध्या गुणाचा वाटणारा फरक येथे सतरा टक्क्यांचा झाला. ऑर्कपुढे मात्र चित्र उलटते. त्याचे हिट पॉइंट १५ असल्यामुळे एका फटक्यात त्याला पाडायला फाशांवर पूर्ण १२ हवेत. तलवारीला ही संधी छत्तीसात एकदा मिळते, कुऱ्हाडीला बारात एकदा. म्हणजे कमी सरासरी असलेले शस्त्र तिप्पट यशस्वी ठरते!

येथे थांबून 'मोठ्या शत्रूसाठी कुऱ्हाड' असा नियम करण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा ठरेल. ऑर्कवर दोन फटके बसणार आहेत असे धरले, तर दोन्ही फटक्यांत मिळून फाशांवर किमान ९ हवेत, कारण बळाचे सहा गुण आधीच जमा झालेले असतात. तलवारीसाठी ही शक्यता जवळजवळ ९५ टक्के आणि कुऱ्हाडीसाठी सुमारे ८१ टक्के आहे. तोच ऑर्क पहिल्या फटक्यात पडण्याची आशा कुऱ्हाडीकडे अधिक आणि दुसऱ्या फटक्यापर्यंत नक्की पडण्याची हमी तलवारीकडे अधिक, असा हा हिशेब आहे. आपल्या मागे जखमी सोबती असेल आणि ऑर्कला पुढची पाळी मिळताच तो सोबती मरणार असेल, तर एका फटक्याची दुर्मीळ संधीच मोलाची असते. एरवी मला स्वतःला तलवार अधिक पटते, कारण बहुतेक लढाया दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यावर निकाली निघतात आणि तेथे सातत्य कामाला येते.

विसाच्या फाशावर नैसर्गिक २० पडला की शस्त्राचे फासे दुप्पट टाकायचे असतात आणि तेथेही तलवारीची सरासरी थोडी पुढेच राहते. तो प्रसंग वीस वारांत एकदाच येत असल्याने वरील तुलनेत मी तो धरलेला नाही.

'माझ्या अनुभवात कुऱ्हाडच जास्त मारते' असे अनेक खेळाडू मनापासून सांगतात. ते खोटे बोलत नसतात, पण अर्ध्या गुणाचा फरक अनुभवाने ओळखणे जवळजवळ अशक्य असते. कुऱ्हाडीचे आकडे सरासरीभोवती साधारण साडेतीन गुणांनी हेलकावतात आणि तलवारीचे सुमारे अडीच गुणांनी. एवढ्या हेलकाव्यातून अर्धा गुण विश्वासाने वेगळा काढायचा, तर प्रत्येक शस्त्राचे सुमारे २८० लागलेले फटके नोंदवावे लागतील. एका बैठकीत एखाद्या योद्ध्याचे दहा-पंधरा फटके लागले तरी पुष्कळ झाले. स्मरणात राहतो तो कुऱ्हाडीचा १२, कारण तो बारात एकदा येतो आणि गाजतो.

आता घणाकडे वळू. त्याचे फासे हुबेहूब तलवारीचे आहेत. फरक आहे तो इजेच्या प्रकारात. या खेळात शस्त्रांची इजा तीन प्रकारची मानली जाते: कापणारी, भोसकणारी आणि ठेचणारी. तलवार व कुऱ्हाड कापतात, घण ठेचतो. बहुतेक शत्रूंना याने काही फरक पडत नाही आणि त्यामुळेच हा रकाना दुर्लक्षित राहतो. पण सांगाड्याला ठेचणारी इजा दुप्पट होते. त्याचे हिट पॉइंट १३ आहेत. तलवारीने एका फटक्यात त्याला पाडायला फाशांवर १० किंवा अधिक हवेत आणि ते छत्तीसात सहा वेळा, म्हणजे सुमारे १७ टक्के वेळा घडते. घणाची इजा ७ झाली तरी ती दुप्पट होऊन १४ होते, म्हणून फाशांवर ४ पुरतात आणि शक्यता थेट ९२ टक्क्यांवर जाते. फाशांचा आकार बदलून असा फरक कधीच पडला नसता. उलट बाजूचे उदाहरण ब्लॅक पुडिंग नावाच्या चिकट, काळ्या प्राण्याचे आहे. कापणारी इजा त्याला मुळीच होत नाही. एवढेच नव्हे, तर तो पुरेसा मोठा असून त्याच्याकडे किमान १० हिट पॉइंट शिल्लक असतील, तर तलवारीच्या फटक्याने त्याचे दोन तुकडे होऊन दोन शत्रू उभे राहतात. त्यामुळे पाठीवर तलवार असली तरी कमरेला एखादी साधी गदा बाळगणे शहाणपणाचे असते.

ठेचणारे शस्त्र चिलखताविरुद्ध अधिक प्रभावी असायला हवे, असे इतिहास जाणणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. आजच्या नियमांत मात्र इजेचा प्रकार आणि आर्मर क्लास यांची गाठ कधी पडत नाही. पोलादी पत्र्यांच्या चिलखताचा आर्मर क्लास १८ असतो आणि तो तलवारीपुढे १८, तसाच घणापुढेही १८ राहतो. १९७४ मध्ये हा खेळ प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा सर्व शस्त्रांची इजा सहा बाजूंच्या एकाच फाशाने मोजली जात असे. १९७५ च्या पुरवणीने शस्त्रानुसार वेगळे फासे आणले आणि १९७८ च्या नियमपुस्तकात प्रत्येक शस्त्रासाठी आर्मर क्लासप्रमाणे बदलणाऱ्या अधिक-उणे गुणांचा मोठा तक्ता दिलेला होता. वास्तवाशी जवळीक साधणारा तो प्रयत्न होता, पण दर वाराला तक्ता उघडावा लागल्याने खेळ अडखळत असे. शिवाय चपळाईने वार चुकवणारा राक्षस आणि जाड कवचाचा राक्षस यांचा आर्मर क्लास एकच असू शकतो. त्या एका आकड्यावरून घणाला अधिक गुण द्यावेत की नाही, हे कसे ठरवणार?

तरीही आर्मर क्लास शस्त्राच्या वापरावर परिणाम करतो आणि त्याचे सर्वांत स्पष्ट दर्शन 'ग्रेट वेपन मास्टर' या कौशल्यात होते. २०१४ च्या नियमांनुसार हे कौशल्य असलेला योद्धा जड शस्त्राने वार करताना नेमातील, म्हणजे वाराच्या बेरजेतील, ५ गुण सोडून इजेत १० गुण वाढवू शकतो. (२०२४ च्या आवृत्तीत ही देवाणघेवाण काढून टाकली आहे.) आपल्या योद्ध्याची तलवार बळासह सरासरी १० इजा करते. आर्मर क्लास १३ पुढे साधा वार ६५ टक्के वेळा लागतो, म्हणून दर वाराला सरासरी ६.५ इजा पदरात पडते. जोरकस वार ४० टक्के वेळाच लागतो, पण २० इजा करतो, म्हणजे सरासरी ८. आर्मर क्लास १८ झाला की साध्या वाराची सरासरी ४ आणि जोरकस वाराची अवघी ३ उरते. बरोबर १६ वर दोन्ही वार ५ वर येऊन मिळतात. शस्त्र जितके अधिक मारक, तितका हा समतोलाचा बिंदू खाली सरकतो, कारण हुकलेल्या प्रत्येक वारात मग अधिक इजा वाया जाते.

अडचण अशी की आर्मर क्लास खेळाडूला सांगितला जात नाही. तो मोजून काढावा लागतो: लागलेल्या वारांतील सर्वांत लहान बेरीज आणि हुकलेल्यांतील सर्वांत मोठी बेरीज कागदावर टिपत जायची. १४ हुकला आणि १७ लागला, तर उत्तर १५ ते १७ मध्ये आहे. या पट्ट्यात जोरकस वाराची निवड चुकली तरी नुकसान दर वाराला जास्तीत जास्त अर्ध्या गुणाचे होते, म्हणून तेथे शत्रूकडे किती हिट पॉइंट उरले असावेत हा अंदाज निर्णायक मानावा. समोरचा गॉब्लिनसारखा सात गुणांचा असेल, तर लागलेला साधा वारच त्याला बहुतेक वेळा पाडतो आणि वाढीव दहा गुणांसाठी नेम सोडण्याचे काही कारण उरत नाही.