आलेखातलं चक्र आणि शंभर टक्क्यांचा गैरसमज

“सर, वायूच्या दाब-आकारमान आलेखाचा फोटो पाठवलाय. चक्रात निव्वळ उष्णता कार्याइतकीच असते, मग कार्यक्षमता १०० टक्केच ना?” (रत्नागिरीची विद्यार्थिनी)

नाही गो. कार्याला भागायचं ते फक्त आत घेतलेल्या उष्णतेने. बाहेर टाकलेली त्यातून वजा करायची नाही. तुझ्या फोटोत आयत आहे: दाब १ ते २ लाख पास्कल, आकारमान १ ते ३ लिटर, एकअणू आदर्श वायू, घड्याळाच्या दिशेने. आयताचं क्षेत्रफळ, म्हणजे कार्य, २०० जूल. डाव्या उभ्या बाजूवर वायू १५० जूल घेतो. वरच्या बाजूवर १०००: त्यातले ४०० प्रसरणाच्या कार्यात जातात, ६०० वायू तापवण्यात. उरलेल्या दोन बाजूंवर ९५० बाहेर पडतात. कार्यक्षमता २००/११५०, सुमारे १७.४ टक्के. फोटोत अक्ष शून्यापासून सुरू होतात का, तेही बघ. क्षेत्रफळाला फक्त फरक पुरतात, उष्णतेला प्रत्यक्ष दाब आणि आकारमान लागतं.