रिपोर्ट येण्याआधीच भारी अँटिबायोटिक का?

“कल्चरचा रिपोर्ट यायच्या आत आईला एवढं भारी अँटिबायोटिक दिलं, मग तिसऱ्या दिवशी बदललं. म्हणजे पहिलं चुकलंच ना?”

नाही. ठरवून केलेलं असतं ते. समजा, ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या साठीच्या बाई लघवीच्या संसर्गाने तापल्या, बरळू लागल्या. कॅज्युअल्टीत रक्तदाब ८४/५०, आणि रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे अवयवांना रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण, ४ च्या वर. हा सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब धोकादायक खाली जाणं. इथे पहिला डोस तासाभरात जायला हवा आणि कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायला, तर दोन-तीन दिवस लागतात. कोणता जंतू हे माहीत नसताना शक्य ते सगळे झाकायचे, म्हणून मेरोपेनेमसारखं औषध.

पण त्याआधी दोन वेगवेगळ्या जागांहून रक्त घ्यायचं, दर बाटलीत ८ ते १० मिली, शिवाय लघवीचा नमुना. डोस आधी गेला की रक्तातले जंतू बाटलीत वाढेनासे होतात आणि रिपोर्ट फसवा ‘निगेटिव्ह’ येतो. मात्र शीर सापडेना म्हणून पाऊण तास घालवणंही चूक. तेव्हा डोस आधी द्यायचा.

तिसऱ्या दिवशी ई. कोलाय हा जंतू निघाला, सेफ्ट्रियाक्सोन या कमी जंतूंवर चालणाऱ्या अँटिबायोटिकला दाद देणारा. बाई सावरत असतील तर मेरोपेनेम बंद करून तेच द्यायचं. मेरोपेनेम चालू ठेवलं तर आतड्यातले प्रतिरोधक जंतू माजतात. नातेवाईक नेमके इथेच ‘औषध हलकं केलं’ म्हणून भांडतात.

शॉक नसेल आणि सेप्सिसची, म्हणजे संसर्गाने अवयव बिघडू लागल्याची, नुसती शंका असेल, तर डोसआधी तपासायला तीन तासांपर्यंत मुभा आहे.