निमंत्रणाला आनंदी होकार

निमंत्रण स्वीकारताना येण्याची खात्री आणि बोलावल्याचा आनंद दोन्ही पोचतील असं उत्तर. समोरासमोर किंवा फोनवर नुसता 'येतो' पुरतो, कारण आनंद आवाजात असतो. व्हॉट्सॲपवर 'ओके, येतो' लिहिलं की आवाज गळतो आणि उरते ती निरोप मिळाल्याची पोच. सोसायटीच्या मीटिंगलाही माणूस हेच लिहितो, म्हणून बोलावणाऱ्याला ते कोरडं लागतं.

समजा मावसबहिणीचा निरोप आला: 'रविवारी नव्या घराची वास्तुशांत आहे, साडेबाराला जेवायला या.' त्यावर असं लिहिता येईल: 'अगं वा, झालं एकदाचं घर! आम्ही चौघंही येतोय, बारापर्यंत पोचतो. तुझी ती झोपाळ्याची गॅलरी बघायचीच आहे मला.' यातलं पहिलं वाक्य बातमीला दाद देतं; होकार त्यानंतर येतो. हा क्रम उलटा केला तर दाद मागाहून आठवल्यासारखी वाटते. 'चौघं' आणि 'बारा' यांमुळे पानं किती आणि कधी मांडायची ते यजमानांना कळतं. नाहीतर 'किती जण येताय?' हे विचारायला तिला पुन्हा मेसेज करावा लागतो. गॅलरीचं वाक्य दुसऱ्या कुणाच्या निमंत्रणाला चिकटवता येत नाही, आणि उत्तर खरं वाटतं ते मुख्यतः त्यामुळेच. घराबद्दल काही माहीत नसेल, तर निरोपातलाच एखादा तपशील उचलावा.

क्रियापदाचं रूपही बोलतं. 'येईन' सौम्य आहे, त्यात थोडी पळवाट राहते. 'येतोय' म्हटलं की बेत ठरला. 'येणार की!' किंवा 'म्हणजे काय, येणारच!' यात उत्साह सर्वांत जास्त, पण सलगीही तेवढीच. मोठ्यांना 'नक्की येते, काका. आठवणीनं बोलावलंत, फार बरं वाटलं' हे शोभतं.

सर्वांत जास्त फसतं ते 'नक्की प्रयत्न करतो'. 'नक्की' आणि 'प्रयत्न' एकमेकांना खोडतात, आणि ऐकणारा त्याचा अर्थ बहुधा 'येणार नाही' असाच घेतो. 'बघू, जमवतो' हे त्याचंच भावंड. येणं अनिश्चित असेल तर आनंद वेगळा आणि अडचण वेगळी सांगावी: 'ऐकून मस्त वाटलं. शनिवारी रात्रपाळी आहे, सुटी मिळते का ते शुक्रवारी सांगते.' दुसरी चूक म्हणजे उद्गारचिन्हांची आणि इमोजींची रास. प्रत्येकाला तीच रास गेली की तीही 'ओके'सारखीच ठराविक होते.

'खाली ये, रिक्षा थांबलीय' याला 'ओके, येतो' हेच योग्य. तेराव्याच्या निरोपालाही आनंदाचा सूर चालत नाही. तिथे 'सकाळीच येतो, काही लागलं तर कळव' एवढं लिहावं.