रिटेनिंग वॉलच्या मापातून पोकळी वजा होते का?

"दगडात 40 टक्के पोकळी असते म्हणे, मग भिंतीच्या मापातून तेवढी वजा करायची ना?"

नाही, ती पोकळी ट्रकमधल्या सुट्या दगडांची, बांधलेल्या भिंतीत तिथे चिपा आणि मसाला बसतो आणि त्याचेच पैसे आपण देतो. माप बाहेरून घ्यायचं, निचऱ्याचे 4 इंची पाइपही वजा होत नाहीत.

ठाण्यात येऊरच्या उताराला असते तशी भिंत धरा, 10 मीटर लांब, 3 उंच, खाली 1.8 आणि वर 0.6 जाड. सरासरी जाडी 1.2, म्हणजे 36 घनमीटर. रबल कामात मसाला साधारण एक तृतीयांश, म्हणजे ओला 12, पण इथेच लोक चुकतात, 12 वरच सिमेंट काढतात! कोरडा माल ओला झाला की बसतो, म्हणून 1.33 ने गुणा, 16 होतात. 1:6 ला सातवा भाग सिमेंट, सुमारे 65 गोण्या, आणि वाळू पावणेपाच ब्रासच्या वर.

गवंडी मधे सुका दगड टाकतोय का हे बघायला थरावर बादलीभर पाणी ओता, गटकन आत गेलं तर पोकळी खरंच राहिलीय, आणि ती वजा नाही करायची, भरून घ्यायची.