यूएसबी-३ हार्ड डिस्क आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील व्यत्यय

वाय-फाय राउटरला, किंवा त्याच्या लगत ठेवलेल्या संगणकाला, यूएसबी-३ जातीची बाह्य हार्ड डिस्क जोडली असता २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील वाय-फायचा पल्ला घटतो आणि दूरच्या खोलीतील उपकरणे वारंवार अडखळू लागतात. डिस्क किंवा राउटर यांपैकी काहीही बिघडलेले नसताना हे घडते.

कारणमीमांसेबाबत दोन मते आढळतात. यूएसबी ३.० चे प्रमाणक नोव्हेंबर २००८ मध्ये जाहीर झाले. त्यातील वेगवान जोडीतून सेकंदाला ५ अब्ज बिट जातात. एक आणि शून्य आळीपाळीने आल्यास त्यांची २.५ गिगाहर्ट्झची लहर बनते व तीच बाहेर गळते, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे. ते सोपे असले तरी अपुरे वाटते, कारण तसे असते तर गोंगाट २.५ गिगाहर्ट्झवर एका टोकदार शिखरासारखा दिसला असता, आणि वाय-फायचा पट्टा तर २.४८३५ गिगाहर्ट्झलाच संपतो. दुसरे मत अधिक ग्राह्य आहे. तारेवर पाठवण्यापूर्वी माहितीचे बिट मुद्दाम विस्कळित केले जातात, त्यामुळे त्यांची ऊर्जा एका वारंवारतेवर न साचता शून्यापासून ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते. २.४ गिगाहर्ट्झजवळ ती कमाल पातळीपेक्षा सुमारे ४ डेसिबलनेच कमी असते, तर ५ गिगाहर्ट्झला ती जवळजवळ शून्यावर येते. चॅनल १ वरून ६ किंवा ११ वर गेल्याने फारसा फरक का पडत नाही, आणि ५.१५ गिगाहर्ट्झपासून सुरू होणारा वरचा वाय-फाय पट्टा बहुधा का वाचतो, हे दोन्ही यातून उलगडते. हा गोंगाट हव्या असलेल्या संदेशाच्याच वारंवारतेवर असल्याने राउटरमधील फिल्टरने तो गाळता येत नाही. शिवाय जोडणी जागी असेपर्यंत फाइल चालू नसतानाही तारेवर विस्कळित भरणा-बिट वाहत राहतात, म्हणून डिस्क स्वस्थ दिसली तरी व्यत्यय थांबेलच असे नाही.

इंटेल कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातील गोंगाटाची पातळी सुमारे २० डेसिबलने चढल्याचे नोंदवले आहे. ही गळती मुख्यत्वे संगणकाकडील खाच, डिस्ककडील जोड आणि केबल यांतून होते, आणि धातूचे आच्छादन जिथे तुटक असते तिथे ती वाढते. डिस्कची फिरती तबकडी यास जबाबदार नसते.

परिणामाचा अंदाज येण्यासाठी कोथरूडमधील एखादी दोन शयनगृहांची सदनिका घेऊ. राउटर दिवाणखान्यात दूरदर्शन संचाशेजारी आहे आणि डिस्क त्याला चिकटून आहे. टोकाच्या खोलीतील मोबाइलचा संदेश राउटरपाशी −७० डीबीएम पातळीने पोहोचतो व गोंगाट −९५ आहे, असे धरल्यास फरक २५ डेसिबलचा राहतो आणि काम सुरळीत चालते. गोंगाट −७५ झाला की फरक ५ डेसिबल उरतो आणि केवळ सर्वांत संथ वेग तग धरतात. भिंतींनी भरलेल्या घरात २० डेसिबलची ही घट पल्ला अंदाजे चतुर्थांशावर आणते.

येथे बहिरा होतो तो राउटर. मोबाइल डिस्कपासून दूर असल्याने त्याला राउटर स्पष्ट ऐकू येतो, सिग्नलच्या दांड्याही पूर्ण दिसतात, पण त्याने पाठवलेल्या पोचपावत्या राउटरपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे राउटर तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवतो. पुण्यातील दाट वस्तीच्या सोसायट्यांत शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी हेही अडखळण्याचे खरे कारण असू शकते. मात्र ती गर्दी मोबाइलवरील वाय-फाय तपासणी ॲपमध्ये दिसते. डिस्कचा गोंगाट कोणतेही नाव घेऊन येत नसल्याने तिथे दिसत नाही. ओपनडब्ल्यूआरटी प्रणालीच्या राउटरवर पुढील आज्ञा डिस्क जोडून व काढून चालवावी आणि वापरातील चॅनलची noise ही ओळ ताडून पाहावी. इंटरफेसचे नाव राउटरनुसार बदलते.

```
iw dev wlan0 survey dump
```

उपायांत अंतर सर्वांत परिणामकारक ठरते: चांगल्या आच्छादनाची, मीटरभर लांबीची केबल घेऊन डिस्क अँटेनांपासून दूर ठेवावी. काही राउटरच्या मांडणीत यूएसबी खाच २.० वर उतरवण्याची सोय असते. जुनी मायक्रो-बी केबल यूएसबी-३ डिस्कच्या रुंद खाचेतही बसते आणि तोच परिणाम साधते. मग वेग सेकंदाला ४८० दशलक्ष बिटांवर येतो. २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायवरून चित्रपट पाहणाऱ्यास हे जाणवत नाही. गिगाबिट तारेवरून मोठ्या फाइल हलवणाऱ्यास मात्र जाणवते. यूएसबी २.० ची खाच ५०० मिलिअँपिअर, तर ३.० ची ९०० मिलिअँपिअर देण्यास बांधील असल्याने एखादी डिस्क जुन्या केबलवर सुरूच न होण्याचा संभव असतो.

सेकंदाला १० अब्ज बिटांच्या पुढच्या पिढीत ऊर्जेचा हा पसारा १० गिगाहर्ट्झपर्यंत जातो, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला वर सांगितलेले नैसर्गिक संरक्षण तिथे लागू होत नाही.