एच-टू-एस बाटली व गढूळपणा नळी

प्रयोगशाळा जवळ नसलेल्या गावात पिण्याचे पाणी जागेवर तपासण्याची दोन साधने. एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाईड) बाटलीची पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केली. बाटलीत पेप्टोन, थायोसल्फेट व लोहक्षार मुरवलेली कागदाची घडी असते. विष्ठेसोबत येणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाईड वायू सोडतात. लोहाशी त्याचा संयोग होऊन पाणी काळे पडते.

नमुना घेताना नळ पुसून पाणी दोन-तीन मिनिटे वाहू देतात. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही. बऱ्याच चुका इथेच होतात. पाणी खुणेपर्यंत (मूळ पद्धतीत 20 मिली) भरून बाटली 30 ते 37 अंश तापमानात 12 ते 18 तास ठेवतात. थंडीत ती गोधडीत गुंडाळावी लागते, नाहीतर दूषित पाणीही वेळेत काळे पडत नाही आणि गाव निश्चिंत होते. उलट, पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास असेल तर विष्ठेचा अंश नसतानाही बाटली काळी पडू शकते. भरल्या भरल्या काळी पडली, तर कारण जीवाणू नव्हे, पाण्यातला सल्फाईड. विष्ठेतला ई. कोलाय हा जीवाणू सहसा हा वायू सोडत नाही, त्यामुळे काळेपणावरून तो ज्यात मोडतो त्या कोलिफॉर्म गटाची संख्या सांगता येत नाही. फ्लोराईड, नायट्रेट तर बाटलीला दिसतच नाहीत.

गढूळपणा नळीच्या तळाशी काळी खूण असते. नळी सावलीत उभी धरून वरून बघत पाणी हळूहळू ओततात आणि खूण दिसेनाशी झाली की पातळीशेजारचा आकडा वाचतात. बुडबुडे बसू द्यावेत, गाळ मात्र बसू देऊ नये. गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. बहुतेक नळ्या 5 एनटीयूच्या खाली वाचत नाहीत. भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा 1 आहे. म्हणजे भरलेल्या नळीत खूण दिसली तरी पाणी मानकात बसले असे होत नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचावे लागतात. समजा, पहिल्या पावसानंतर आडाचे पाणी 40 एनटीयू आले आणि सकाळी बाटली काळी निघाली. आड 3 मीटर व्यासाचा, पाणी 4 मीटर: सुमारे 28,000 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम या हिशेबाने 140 ग्रॅम टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर लागेल. पण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतो आणि गाळाच्या कणांआड जीवाणू वाचतात. म्हणून जलसुरक्षकाने अर्ध्या तासाने, पाण्यात क्लोरीन उरला का ते पिवळ्या रंगाने दाखवणारी ओटी चाचणी घ्यावी. पिवळा रंग आला नाही, तर मात्रा वाढवून पुन्हा ओटी घ्यावी. नंतरच्या नमुन्यात क्लोरीन उरला असला तरी बाटलीतले थायोसल्फेट तो मारते, त्यामुळे निकाल बिघडत नाही.

काळी बाटली तशीच उकिरड्यावर टाकू नये. तिच्यात जीवाणू लाखोंनी वाढलेले असतात. ब्लीचिंगचे द्रावण ओतून अर्धा तास ठेवावे, मग पाणी शोषखड्ड्यात ओतावे.