नोटिफिकेशन फोनला येतं, माणसाला नाही: पुश आणि डीप लिंकच्या टेस्टिंगमागची गोष्ट

सुरुवात अगदी थोडक्यात सांगतो, कारण तो काळ मी फक्त युझर म्हणून बघितलाय. आयफोनवर पुश, म्हणजे सर्व्हरने स्वतःहून फोनवर पाठवलेला मेसेज, २००९ ला आलं, अँड्रॉइडवर गुगलची हीच सोय २०१० ला सीटूडीएम नावाने, मग २०१२ ला जीसीएम, २०१६ ला एफसीएम. नावं बदलत गेली पण जुन्याच्या खुणा पुसल्या नाहीत, आजही एफसीएमचा मेसेज फोनमधे ज्या नावाने फिरतो ते नाव `com.google.android.c2dm.intent.RECEIVE` असंच आहे. लॉग बघताना हे c2dm दिसलं की नवीन पोरं दचकतात, की आपण काहीतरी जुनंपुराणं वापरतोय का. नाही, तेच आहे ते.

त्या सुरुवातीच्या दिवसातला एक निर्णय मात्र अजून आपल्या मानगुटीवर बसलाय. टोकन, म्हणजे मेसेज कुठे पाठवायचा तो पत्ता, दिलं गेलं ते फोनवरच्या ॲपला, ॲपमधे लॉगिन केलेल्या माणसाला नाही. तेव्हा फोन म्हणजे एकाच माणसाचा असं धरलेलं. कोणाच्या खात्याचं कुठलं टोकन हा हिशोब ज्याच्या त्याच्या सर्व्हरने ठेवायचा. त्यावर नंतर येतो.

मला नीट माहिती असलेला काळ २०१६ नंतरचा. त्यात सगळ्यात जास्त डोकं खाल्लेला शब्द म्हणजे "बंद". टेस्ट केसमधे सर्रास लिहिलेलं असतं, ॲप बंद असताना नोटिफिकेशन पाठवा आणि टॅप करा. बंद म्हणजे काय? मी ज्या टीममधे होतो तिथे या एका शब्दावरनं डेव्हलपर आणि टेस्टरचं दोन दिवस भांडण चाललेलं, एक म्हणतोय येतं, दुसरी म्हणतेय येत नाही, आणि दोघंही खरं बोलत होते.

अँड्रॉइडवर बंदचे निदान तीन अर्थ होतात. एक, होम बटण दाबून बाहेर आलात, मग मेमरी कमी पडली आणि सिस्टिमने गुपचूप प्रोसेस मारली. दोन, तुम्ही अलीकडच्या ॲप्सच्या यादीतनं ॲप सरकवून टाकलं. तीन, सेटिंगमधे जाऊन फोर्स स्टॉप केलं. पहिल्या दोन्हीत नोटिफिकेशन यायला पाहिजे. तिसऱ्यात येत नाही आणि तो बग नाही, २०११ च्या अँड्रॉइड ३.१ पासून फोर्स स्टॉप केलेलं ॲप "थांबवलेल्या" अवस्थेत जातं आणि माणूस स्वतः ते उघडेपर्यंत सिस्टिम त्याला असले मेसेज देत नाही. लॉगमधे तेव्हा `result=CANCELLED` अशी ओळ दिसते, म्हणजे मेसेज फोनपर्यंत पोचला, ॲपला दिला गेला नाही. ही ओळ दिसली की सर्व्हरवाल्यांना फोन करायची गरज नाही.

आणि गोंधळ वाढवायला काही कंपन्यांचे फोन असे आहेत की यादीतनं सरकवलं तरी ते जवळजवळ फोर्स स्टॉपसारखंच वागतात, बॅटरी वाचवायच्या नावाखाली. म्हणजे एकाच क्रियेचा अर्थ फोनगणिक वेगळा. आमच्या भांडणाचं मूळ तेच निघालं, डेव्हलपरकडे साधा अँड्रॉइडवाला फोन आणि टेस्टरकडे तिचा स्वतःचा, बाजारात जास्त खपणारा. माझ्या मते तिचाच फोन बरोबर होता, कारण गिऱ्हाईकाकडे तसलाच असणार.

हे हाताने करण्यापेक्षा कमांडने केलं की वाद मिटतो, आधी होम दाबायचं आणि मग यातली एक:

```
adb shell am kill com.example.app
adb shell am force-stop com.example.app
```

पहिली म्हणजे सिस्टिमने मेमरीसाठी मारावं तसं, दुसरी म्हणजे फोर्स स्टॉप. `am kill` फक्त मागे गेलेल्या ॲपलाच मारते, म्हणून होम विसरलात तर काहीच होत नाही आणि टेस्ट पास झाली असं वाटतं. आम्ही पुढे शीटमधनं "बंद" हा शब्दच काढून टाकला आणि जागी कमांड लिहायला लागलो.

आयफोनवर वेगळी तऱ्हा. तिथे वर सरकवून ॲप काढून टाकलं तरी दिसणारं नोटिफिकेशन येतंच, कारण ते सिस्टिम दाखवते. येत नाही ते सायलेंट पुश, म्हणजे ॲपला पाठीमागे उठवून डेटा आणायला लावणारं. त्यामुळे नोटिफिकेशन दिसलं, टॅप केलं, आणि आत जुनाच आकडा, असं झालं तर आधी विचारायचं की ॲप सरकवलं होतं का.

बंदचा दुसरा त्रास टॅप केल्यावर सुरू होतो. ॲप मागे जिवंत असेल तर टॅपची बातमी एका वाटेने येते, मेलेलं असेल तर दुसऱ्याच. फ्लटरवाल्यांना हे `onMessageOpenedApp` आणि `getInitialMessage()` म्हणून माहिती असेल. दुसऱ्या वाटेवर ॲप शून्यातनं उठतंय, लॉगिनची माहिती स्टोरेजमधनं वाचायची अजून बाकी आहे, आणि तेवढ्यात नोटिफिकेशनमधली डीप लिंक, म्हणजे ॲपमधलं ठराविक पान उघडणारी लिंक, म्हणते मला बिलाच्या पानावर ने. ॲप बघतं तर लॉगिन नाही, मग लॉगिनच्या पानावर टाकतं, अर्ध्या सेकंदाने लॉगिन सापडतं आणि होम उघडतं, लिंक गेली कुठे ते कोणालाच माहिती नाही. नव्या महागड्या फोनवर हे दिसत नाही, स्वस्त फोनवर दिसतं. लिंक आधी जपून ठेवायची, लॉगिन कळल्यावर वापरायची, एवढाच उपाय, पण तो लागतो हे समजायला `am kill` करून टॅप करायला लागतं.

टेस्टिंगच्या बाजूने मोठा बदल २०२० चा, एक्सकोड ११.४ मधे सिम्युलेटरवर पुश टाकता यायला लागलं, `xcrun simctl push` ने. त्याआधी आयफोनसाठी खरा फोन लागायचाच. सोय झाली, पण ते पुश तुमच्या लॅपटॉपवरनं थेट सिम्युलेटरमधे जातं, खऱ्या सर्व्हरच्या वाटेने जातच नाही. पान बरोबर उघडतं का ते कळतं. नोटिफिकेशन बरोबर माणसाला गेलं का ते कळत नाही, आणि आमचा खरा घोळ नेमका तिथेच होता.

ॲप होतं दूध संकलनाचं, पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांसाठी, नाव सांगत नाही. दर दहा दिवसांनी बिल निघतं, बिल निघालं की सभासदाला नोटिफिकेशन, टॅप केलं की बिलाचं पान. घरात फोन एक आणि सभासद दोन, वडिलांच्या नावावर एक कोड आणि मुलाच्या नावावर एक. मुलगा वडिलांचं खातं गोठ्यात रेंज नसतानाच लॉगआउट करायचा आणि नंतर स्वतःचं उघडायचा.

लॉगआउट केल्यावर ॲप सर्व्हरला सांगायचं की हे टोकन या खात्यावरनं काढ. रेंज नाही, ती विनंती गेलीच नाही, आणि ॲपने ती परत पाठवायचीही तसदी घेतली नाही. पुढे रेंज आल्यावर मुलाने लॉगिन केलं, सर्व्हरने तेच टोकन मुलालाही जोडलं. आता एक टोकन, दोन खाती. वडिलांचं बिल निघालं की मुलगा लॉगिन असलेल्या फोनवर नोटिफिकेशन यायचं, "तुमचं दहा दिवसांचं बिल तयार आहे".

टॅप केल्यावर काय व्हायचं ते खरं वाईट. लिंक होती `/bill/latest`. म्हणजे जो कोणी लॉगिन आहे त्याचं शेवटचं बिल. एरर नाही, कोरं पान नाही, मुलाचं मागचं बिल व्यवस्थित उघडायचं आणि वडील म्हणायचे दूध एवढं घातलं आणि बिल एवढंच? तक्रार आली ती "बिल चुकलं" म्हणून, ॲपच्या टीमकडे नाहीच, हिशोबवाल्यांकडे. त्यांनी आठवडाभर वह्या तपासल्या बिचाऱ्यांनी.

लिंकमधे बिल नंबर असता तर निदान सर्व्हरने नकार दिला असता आणि कळलं असतं. म्हणून चुकीच्या खात्याची टेस्ट करताना नुसतं "पान उघडलं" हे बघून चालत नाही, उघडलेल्या पानावर नाव कोणाचं ते बघायला लागतं. पायऱ्या अशा: अ ने लॉगिन, विमान मोड, लॉगआउट, विमान मोड बंद, ब ने लॉगिन, मग अ ला नोटिफिकेशन पाठवा. फोनवर काहीच यायला नको. आणि दुसरी, जी लोक विसरतात: अ चं नोटिफिकेशन ट्रेमधे आधीच पडलेलं असताना नीट रेंजमधे लॉगआउट करून ब ने लॉगिन करा आणि ते जुनं टॅप करा. इथे सर्व्हर बिलकूल बरोबर आहे, तरी घोळ होतो. त्यामुळे दुरुस्ती दोन्हीकडे लागली, सर्व्हरवर एक टोकन एका वेळी एकाच खात्याला, आणि मेसेजमधे सभासदाचा आयडी घालून टॅपच्या वेळी ॲपने तो जुळवायचा.

जुळला नाही तर काय दाखवायचं यावर अजून एकमत नाही. कोणी म्हणतं गुपचूप होम उघडा, कोणी म्हणतं "हे दुसऱ्या खात्याचं आहे, बदलायचं का" विचारा. दूध डेअरीला विचारणं ठीक, बँकेच्या ॲपमधे मी तेवढंही दाखवणार नाही.

जुन्या मेसेजचं अजून एक. एफसीएम न पोचलेला मेसेज चार आठवड्यांपर्यंत ठेवतं, तुम्ही मुदत दिली नाही तर तेवढीच धरतं. फोन पंधरा दिवस बंद होता आणि चालू केला तर आधीच्या बिलाचं नोटिफिकेशन आज येतं, ताजं असल्यासारखं. आणि ट्रेमधे १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते ३१ अशी तीन बिलं पडलेली असतील तर तिन्ही टॅप करून बघा, नुसतं वरचं नाही. नोटिफिकेशन आपण कोडमधनं बनवत असू आणि टॅप झाल्यावर काय उघडायचं ते सांगणाऱ्या `PendingIntent` ला तिन्ही वेळा एकच रिक्वेस्ट कोड, बहुतेक शून्य, दिला असेल तर अँड्रॉइड तिन्ही एकच समजतं, कारण आतला जादा डेटा तो तुलनेत धरतच नाही. वर `FLAG_UPDATE_CURRENT` असेल तर कुठलंही दाबा, २१ ते ३१ चंच बिल उघडतं. आमच्याकडे हे दोन वर्षं होतं, कारण टेस्टमधे कायम एकच नोटिफिकेशन पाठवायचो.

यादीतनं परत उघडतानाचाही असाच प्रकार आहे. नोटिफिकेशन टॅप करून ॲप उघडलं, बिल बघितलं, नंतर प्रोसेस मेली, आणि दुसऱ्या दिवशी अलीकडच्या ॲप्समधनं ॲप उघडलं की अँड्रॉइड तोच जुना इंटेंट, म्हणजे काय उघडायचं तो निरोप, परत हातात देतो. ॲप बिचारं समजतं आत्ताच टॅप झालं, आणि परत कालचं बिल उघडतं. `savedInstanceState` मधे काही आहे का किंवा `FLAG_ACTIVITY_LAUNCHED_FROM_HISTORY` आहे का बघून तो इंटेंट सोडून द्यायचा असतो. हे टेस्ट करायला टॅप, होम, `am kill`, आणि मग यादीतनं उघडणे, आयकॉनवरनं नाही.

अलीकडे सिस्टिमच कडक होत चालल्यात. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने टॅप झाल्यावर आधी सर्व्हिस उठवून मग पान उघडायची जुनी युक्ती बंद केली, त्याच्यासाठी ॲप अपडेट केलं आणि टॅप करून काहीच उघडेना झालं अशी तक्रार तेव्हा बऱ्याच टीमकडे आलेली. आणि अँड्रॉइड १५ पासून फोर्स स्टॉप केलं की ॲपचे सगळे पेंडिंग इंटेंटही रद्द होतात. त्यामुळे शीटमधली फोर्स स्टॉपची ओळ आम्ही परत लिहिली, आता तिच्यात टॅपचा रकानाच नाही, फक्त "ॲप उघडल्यावर पुढचं बिलाचं नोटिफिकेशन येतं का" एवढं आहे.